ओला कापूस आणि दोन रकाने : साहित्याच्या विचलनांचं वाचन कुठे चुकतं

 

आजचा विषय स्टँडर्ड कॉस्टिंग, म्हणजे आपल्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकांतली ‘प्रमाण परिव्यय पद्धती’. सगळी पद्धत घेऊन बसलो तर रात्र होईल. त्यामुळे तिच्यातले दोनच रकाने घेऊ : साहित्याचं किंमत विचलन आणि साहित्याचं वापर विचलन. बोलायचं आहे ते टीकेच्या अंगाने. टीका सूत्रांवर नाही, सूत्रं बरोबरच आहेत. महिन्याच्या बैठकीत मॅनेजर मंडळी हे दोन आकडे ज्या रीतीने वाचतात, त्या वाचनावर आमचा आक्षेप आहे.

आधी ज्यांनी हे कधी शिकलेलं नाही त्यांच्यासाठी. कारखाना हंगामाच्या सुरुवातीला ठरवतो की कच्चा माल अमुक भावाने मिळावा आणि इतक्या पक्क्या मालाला तो अमुक इतका लागावा. हे झालं प्रमाण. प्रत्यक्षात भाव वेगळा पडतो, माल कमी-जास्त लागतो. भावातला फरक गुणिले प्रत्यक्ष माल, हे किंमत विचलन. मालातला फरक गुणिले प्रमाण भाव, हे वापर विचलन. फायद्याचं असेल तर अनुकूल, तोट्याचं असेल तर प्रतिकूल. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण फरक. अमेरिकेत जी. चार्टर हॅरिसन यांनी 1911 च्या सुमारास अशी पूर्ण पद्धत बसवली, असं हिशेबशास्त्राच्या इतिहासात सांगतात. म्हणजे गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे.

तिच्याबरोबर एक वाचनही रूढ झालं. किंमत विचलन खरेदीवाल्याचं, वापर विचलन उत्पादनवाल्याचं. परीक्षेत ‘जबाबदार कोण?’ असं विचारलं की हेच लिहायचं. एक वाक्य पुढे असतं, की स्वस्त आणि हलका माल घेतला तर वापर वाढू शकतो, दोन्ही एकत्र पाहावीत. ते वाक्य विद्यार्थी लिहितो, दोन मार्क घेतो आणि नोकरीला लागला की विसरतो. आमचं म्हणणं असं की ते वाक्यसुद्धा पुरेसं नाही. कारण प्रश्न हलक्या मालाचा नसतो. पुष्कळदा ‘एक क्विंटल’ म्हणजे काय, हेच ठरलेलं नसतं.

वर्धा जिल्ह्यात बसून उदाहरण कापसाचंच घ्यायचं. हिंगणघाट, पुलगाव ही नावं कापसामुळे आणि गिरण्यांमुळे मोठी झाली. जिनिंगचा हिशेब वरून इतका सोपा दिसतो की तिथे चूक होईल असं वाटतच नाही. शेतकऱ्याचा कापूस आत जातो, बाहेर रुई येते, सरकी येते, आणि उरलेली ती घट : पाणी, माती, पत्ती, उडालेली तूस. रुईची गाठ 170 किलोची. बस्स, एवढंच.

आम्ही ज्या युनिटचा हिशेब पाहिला त्याचं नाव घेत नाही. आकडेही फळ्यावर सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. हंगाम 2024-25 चा. त्यांनी प्रमाण धरलं होतं असं : 100 क्विंटल कापसातून 34 क्विंटल रुई, 64 क्विंटल सरकी, 2 क्विंटल घट. कापसाचा प्रमाण भाव 7,500 रुपये क्विंटल. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 होता, त्याच्या जवळचा गोल आकडा घेतला. म्हणजे 200 गाठी करायच्या तर 340 क्विंटल रुई हवी, आणि तिला 1,000 क्विंटल कापूस. प्रमाण खर्च 75 लाख.

दिवाळीनंतरच्या एका ढिगात काय झालं बघा. 200 गाठी निघाल्या, पण कापूस गेला 1,060 क्विंटल. भाव मात्र पडला 7,200. खर्च झाला 76 लाख 32 हजार. तोटा 1 लाख 32 हजार. तक्त्यात तो असा फुटला : किंमत विचलन, 300 रुपये गुणिले 1,060, म्हणजे 3 लाख 18 हजार अनुकूल. वापर विचलन, 60 क्विंटल गुणिले 7,500, म्हणजे साडेचार लाख प्रतिकूल.

बैठकीत जे व्हायचं तेच झालं. खरेदी पाहणाऱ्या गृहस्थांना शाबासकी मिळाली. जिनिंगच्या फिटरला विचारलं गेलं की साडेचार लाखांचा कापूस गेला कुठे? रोलर नीट लावले होते का? रात्रपाळीला कोण होतं? उतारा 34 वरून 32 वर आला, त्याचं कारण लेखी द्या. फिटर म्हणाला, “कापूस वल्ला होता साहेब.” हे दरवर्षी सगळेच फिटर म्हणतात, म्हणून कोणी ऐकलं नाही.

आता ओलं म्हणजे किती ओलं, ते तर गेटवर लिहिलेलं होतं. आवकेच्या पावतीवर मीटरचा आकडा असतो. त्या ढिगाची सरासरी काढली तर 13 टक्के आली. आणि 34 टक्के उताऱ्याचं प्रमाण बांधलं होतं ते 8 टक्के ओलाव्याच्या कापसावर. 8 हा आकडा कुणाच्या मनाचा नाही. हमीभावाच्या सरकारी खरेदीत भाव 8 टक्के ओलाव्याला धरलेला असतो, 12 टक्क्यांपर्यंत तो त्या प्रमाणात उतरतो, आणि 12 च्या वर कापूस परत जातो. म्हणजे सरकारी केंद्राला जे माहीत आहे, ते या युनिटच्या खर्च तक्त्याला माहीत नव्हतं.

आता हिशेब पुन्हा करू, घाई न करता. 13 टक्के ओलावा म्हणजे 100 किलोत 87 किलो कोरडा माल. 8 टक्के असेल तर 92 किलो. आपल्या 1,060 क्विंटलमध्ये कोरडा माल होता 922 क्विंटल आणि थोडा वर. तेवढाच कोरडा माल 8 टक्क्यांच्या कापसात मिळवायला किती कापूस लागेल? 92 ने भागा. उत्तर येतं 1,002 क्विंटल 39 किलो. म्हणजे जास्तीच्या 60 क्विंटलपैकी साडेसत्तावन्न क्विंटलहून अधिक निव्वळ पाणी होतं. ते फिटरच्या हातून सांडलेलं नाही. ते गेटवर पैसे मोजून विकत घेतलेलं आहे.

मग खरा भाव काय पडला? दिलेले 76 लाख 32 हजार भागिले 1,002.39. येतात 7,614 रुपये क्विंटल, 8 टक्क्यांच्या कापसाला. 7,500 च्या वर. म्हणजे किंमत विचलन अनुकूल नव्हतंच. ते प्रतिकूल होतं, 1 लाख 14 हजार 65 रुपये. आणि वापर विचलन? 2.39 क्विंटलचं, म्हणजे 17 हजार 935 रुपये. दोन्ही मिळून तेच 1 लाख 32 हजार.

इथे जरा थांबू या, कारण आमचा सगळा आक्षेप एवढ्यात आहे. एकूण तोटा रुपयाने बदलला नाही. पण किंमत विचलनाचं चिन्ह उलटलं, आणि वापर विचलन साडेचार लाखांवरून अठरा हजारांच्या आत आलं. बदललं काय? फक्त मोजमापाचं एकक. ओल्या क्विंटलऐवजी प्रमाणातला क्विंटल धरला. म्हणजे ‘किंमत’ आणि ‘वापर’ यांच्यामधली भिंत कारखान्यात कुठे नसते, ती हिशेबनीस उभी करतो. त्याने ती कुठे उभी केली हे न विचारता भिंतीच्या अलीकडच्या माणसाला बक्षीस आणि पलीकडच्याला नोटीस देणं, याला आम्ही वाचन म्हणत नाही.

आणखी एक बाजू आहे. 7,500 च्या कोरड्या कापसाशी बरोबरी करायची तर 13 टक्क्यांच्या कापसाला भाव द्यायला हवा होता 7,092. दिला 7,200. म्हणजे ज्याला क्विंटलमागे 300 वाचवल्याबद्दल शाबासकी मिळाली त्याने क्विंटलमागे 108 जास्त मोजले होते. शेतकऱ्याचं नुकसान झालं नाही, उलट या वेळी त्याला थोडं बरं मिळालं. पण ‘अनुकूल’ हा शब्द वाचून पुढच्या महिन्याला खरेदीला काय संदेश गेला? की असाच कापूस आणखी घ्या. तसा तो घेतलाही गेला.

याची उलटी तऱ्हाही असते. बाजारात ‘कडता’ म्हणतात, तो तुम्हाला ठाऊक आहे. ओलावा जास्त म्हणून भाव न पाडता वजनातच क्विंटलमागे दोन-चार किलो कापायचे. मग पुस्तकात वजन कमी लागतं, भाव पूर्ण लागतो. किंमत विचलन शून्य, वापर विचलन छान अनुकूल, आणि फिटर हुशार ठरतो. त्याने बिचाऱ्याने काही केलेलं नसतं. ज्याचं वजन कापलं त्याचं नाव कुठल्याच रकान्यात येत नाही.

मधूनच एक चिठ्ठी आली आहे, चांगली आहे. विचारलंय की, “ओलावाच कारण होता हे ठरवायचं कसं? कापूस वाईट जातीचा असेल, जिन खराब असेल, तरी उतारा पडतोच ना?” पडतो. आणि नेमकं इथे फक्त रुई मोजणाऱ्या तक्त्याचा उपयोग संपतो. तिन्ही वाटे मोजावे लागतात.

आपल्या ढिगातून रुई 340, सरकी 640, म्हणजे दोन्ही अगदी प्रमाणाइतक्या. घट मात्र 20 ऐवजी 80. जास्तीचे 60 क्विंटल पूर्णच्या पूर्ण घटीत गेले. झाडलोटीचा कचरा वेगळा तोलला तर तो नेहमीइतकाच होता. मग जे दिसत नाही आणि तोलता येत नाही ते गेलं, म्हणजे पाणी. याउलट समजा रुई 340, सरकी 698, घट 22 असं आलं असतं. बेरीज तीच, 1,060. वापर विचलनही तेच, साडेचार लाख प्रतिकूल. पण कारण साफ वेगळं. एक तर जातच जड सरकीची असेल, नाही तर जिन सरकीवर रुई सोडत असेल. या दोन्हींत फरक करायला संगणक लागत नाही. सरकी मुठीत घेऊन बघायची. नेहमीपेक्षा केसाळ दिसली तर फिटरला बोलवा. तशी नसेल तर खरेदीला विचारा की हा कापूस कुठल्या भागातून आला, का शेवटच्या वेच्याचा फरदड त्यात मिसळला.

आणि या दुसऱ्या प्रकारात साडेचार लाख बुडालेले नसतात. जास्तीची 58 क्विंटल सरकी तेलगिरणीला विकली जाते. 3,000 रुपये क्विंटल धरली तरी 1 लाख 74 हजार परत आले. पाण्याला मात्र गिऱ्हाईक नाही. तक्त्यात दोन्ही ठिकाणी एकच आकडा, एकच लाल शाई.

आता आमच्याच हिशेबावर थोडी टीका करतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की ओलाव्याचा रकाना जोडला आणि प्रश्न मिटला. पहिली अडचण मीटरची. गाडीच्या वरच्या थरात मीटर खुपसला तर एक आकडा येतो, मधोमध खुपसला तर दुसरा. सकाळी दवातला कापूस एक सांगतो, दुपारी तीच गाडी दुसरं. एक टक्का ओलावा इकडे-तिकडे झाला तर आपल्या ढिगात सुमारे 86 हजारांचा फरक पडतो. फिटरच्या नावावर उरले होते 17,935. म्हणजे मीटर पाव टक्का जरी चुकला असेल तरी ते अख्खे नाहीसे होतात, किंवा दुप्पट होतात. तेव्हा त्या 18 हजारांबद्दल कुणाला जाब विचारणं निरर्थक आहे. ज्या आकड्यापेक्षा मोजमापाची चूक मोठी आहे तो आकडा छापला तरी चालेल, पण त्यावर बैठक घेऊ नये.

दुसरी अडचण ढिगाची. कापूस गेटवर तोलला जातो. आवारातून जिनकडे जाताना सहसा तोलला जात नाही, उचलून टाकला जातो. म्हणून ‘वापर’ म्हणजे ढीग संपल्यावर मागे वळून काढलेली वजाबाकी. ढीग पंधरा दिवस उन्हात पडला तर तो आवारातच हलका होतो. काही ठिकाणी आम्ही पाहिलं, महिनाअखेरीला ढीग अर्धा असतो आणि उरलेला अंदाजाने लिहितात. अंदाज जरा सढळ धरला की या महिन्याचा वापर सुंदर दिसतो आणि पुढच्या महिन्यात फिटर अडकतो. उपाय साधा आहे : विचलन महिन्यावर काढू नका, ढिगावर काढा. ढीग संपला की त्याचा हिशेब.

तिसरी अडचण अशी की सगळं पाणी उडूनच जातं असं नाही. थोडं रुईतच राहतं आणि गाठीत दाबलं जातं. मग 170 किलोच्या गाठीत पाणीही विकलं जातं, उतारा चांगला दिसतो, वापर विचलन अनुकूल येतं. आणि दोन महिन्यांनी सूतगिरणीचं पत्र येतं, इतके पैसे कापले म्हणून. ते पैसे विक्रीच्या खात्यात पडतात. त्यांचा आणि दिवाळीतल्या ओल्या ढिगाचा संबंध कुणी लावत नाही. ओला कापूस जिनवर हळू चालतो, वीज जास्त खातो, सरकी ढिगात तापते. हे खर्चही तिसऱ्याच रकान्यांत जातात. कापसातली भेसळ आणि फसवणूक रोखायला मुंबई इलाख्यात 1863 मध्ये कायदा करावा लागला होता, तेव्हा दुखणं काही नवं नाही.

शेवटचा प्रश्न घेऊ. एका ताईंनी विचारलंय : “प्रमाण भावच चुकीचा असेल तर? त्या वर्षी बाजारच पडलेला होता.” बरोबर. 2024-25 मध्ये खुल्या बाजारातले भाव बराच काळ हमीभावाच्या खालीच होते. तेव्हा 7,500 हे प्रमाण धरून बसलं तर हंगामभर किंमत विचलन अनुकूलच दिसणार, खरेदीवाला झोपलेला असला तरी. ते बाजाराचं देणं, त्याचं कर्तृत्व नाही. हे वेगळं काढायला प्रमाण भाव मागाहून सुधारून घेतात. त्या आठवड्यात बाजार समितीत 8 टक्क्यांच्या आसपासचा कापूस काय भावाने गेला ते बघायचं आणि तोच प्रमाण म्हणून लावायचा.

आपल्या ढिगाला लावून बघू. समजा तो भाव 7,300 होता. मग 13 टक्क्यांच्या कापसाचा योग्य भाव होतो सुमारे 6,900. आणि दिले 7,200. म्हणजे तक्त्यात क्विंटलमागे जे 300 वाचलेले दिसत होते, ते जवळपास तेवढेच जास्त गेलेले निघतात.

हे आम्ही त्या खरेदी पाहणाऱ्या गृहस्थांनाच दाखवलं. त्यांनी आकडे नाकारले नाहीत. ते म्हणाले, “त्या आठवड्यात जिन बंद पडली असती. गाठींचा सौदा तोंडावर होता, मजूर बसून होते. आणि ज्यांचा कापूस घेतला ती माणसं दरवर्षी आमच्याकडेच येतात.” हे कारण पटण्यासारखं असू शकतं. बंद जिनचा दिवसाचा खर्च काढून ते तपासताही येतं. पण त्यासाठी आधी त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि त्यांच्या नावापुढे ‘अनुकूल’ लिहिलेलं असल्यामुळे बैठकीत त्यांना कुणी काही विचारलंच नाही.